प्रस्तावना : चंद्राच्या ध्रुवांवरचा बर्फ – साठा किती, हाती किती

बदलापूर सोडलं की कर्जतकडे जाणारी लोकल वांगणीला थांबते. मुंबईच्या हौशी आकाशनिरीक्षकांना हे स्टेशन चांगलं ठाऊक आहे. हॅलीच्या धूमकेतूच्या निमित्ताने सुरू झालेल्या खगोल मंडळाने इथे रात्र-रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं घेतले. त्या कार्यक्रमांची तारीख ठरवण्याची पद्धत मला नेहमी गमतीची वाटते. पंचांग उघडायचं आणि अमावास्येच्या जवळचा शनिवार शोधायचा. म्हणजे ज्याला जग आकाशाचा राजा समजतं त्या चंद्राला निरीक्षक मंडळी घुसखोर समजतात, कारण त्याच्या उजेडात तारकापुंज आणि तेजोमेघ पुसले जातात. हे पुस्तक त्या घुसखोराविषयी आहे, आणि त्यातही त्याच्या अशा भागाविषयी, जिथे स्वतः चंद्रावर उभं राहूनही उजेड सापडणार नाही.

शुक्ल पक्षात अष्टमी-नवमीच्या सुमारास साधी दुर्बीण चंद्राच्या दक्षिण टोकाकडे वळवली की विवरांची दाटी दिसते. क्लेव्हियस, मोरेटस ही मोठी विवरं ओळखता येतात. त्यांच्या पलीकडे सगळं कडेला दाबल्यासारखं, चपटं होत जातं. ध्रुवाजवळची विवरं आपल्याला अशी कडेवरूनच दिसतात, तीही चंद्राच्या किंचित डुलण्याने कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. दक्षिण ध्रुवाला अगदी खेटून शॅकल्टन नावाचं विवर आहे. व्यास सुमारे २१ किलोमीटर, खोली चार किलोमीटरच्या आसपास. त्याच्या काठावर ऊन असतं. तळावर मात्र कोट्यवधी वर्षांत सूर्यकिरण पडलेला नाही.

असं का होतं, ते भूमितीत आहे. बदलापूर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे हे घडतं. त्याच कलामुळे आपल्या ध्रुवांवरही सहा महिने ऊन पोचतं. चंद्राचा आस मात्र त्याच्या सूर्याभोवतीच्या वाटेशी जवळजवळ काटकोनात उभा आहे. त्याचा कल जेमतेम दीड अंश. म्हणून चंद्राच्या ध्रुवावर सूर्य क्षितिजाला चिकटून महिनाभर गोल फिरतो आणि दीड अंशापेक्षा फारसा वर कधीच चढत नाही.

दीड अंश म्हणजे किती, याचा अंदाज बदलापूरकरांना आहे. गावाच्या पश्चिमेला तावली आणि चंदेरीची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याच्या वाड्यांवर सूर्य मावळायच्या बराच आधी सावली येते, कारण उतरत्या सूर्यापुढे डोंगर उभा असतो. चंद्राच्या ध्रुवावर सूर्य कायमच असा मावळतीच्या उंचीवर असतो. तिथे शंभर मीटरच्या टेकडीची सावली जवळपास चार किलोमीटर लांब पडते. मग चार किलोमीटर खोल खड्ड्याच्या तळाशी ऊन पोचण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही ध्रुवांकडची अशी कायमच्या सावलीतली जमीन मोजली तर ती तीस हजार चौरस किलोमीटरच्या घरात जाते. आजच्या ठाणे जिल्ह्यासारखे सात जिल्हे तिच्यात बसतील.

सावली असली की थंडी असणारच, पण ही थंडी किती आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. निर्वातात बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. शाळेत आपण त्याला संप्लवन म्हणतो. या वाफ होण्याचा वेग तापमानाबरोबर भयंकर बदलतो. उणे १६३ अंश सेल्सिअसला उघड्या बर्फाचा थर शंभर कोटी वर्षांत साधारण दहा सेंटिमीटर झिजेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज सुमारे शंभरपट होते. उणे १२३ अंशांना तर वर्षाला पाव मिलिमीटर बर्फ उडून जाईल. आपल्या दृष्टीने उणे १६३ आणि उणे १२३ दोन्ही सारखेच अघोरी थंड, पण एका ठिकाणी बर्फ सूर्यमालेच्या वयाइतका टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी हातभर थर दोन-तीन हजार वर्षांत संपतो. म्हणून या क्षेत्रात काम करणारे लोक सावलीच्या नकाशापेक्षा तापमानाच्या नकाशाकडे आधी पाहतात. सावलीतल्या विवराचा तळही समोरच्या उन्हातल्या कड्याकडून येणाऱ्या उष्णतेने थोडा तापतो. जी छोटी विवरं मोठ्या विवराच्या सावलीत दडलेली असतात त्यांना तीही ऊब मिळत नाही. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात उणे २४७ अंशांच्या आसपास तापमान मोजलं. इतक्या थंडीत चंद्राच्या पोटातून झिरपणारी अत्यल्प उष्णताही हिशेबात धरावी लागते.

पाणी तिथे आलं कुठून, यावर तीन मतं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. एक मत धूमकेतू आणि पाणीदार लघुग्रहांच्या बाजूचं. ते आदळले, वाफ चंद्रभर पसरली, बहुतेक अवकाशात निसटली आणि थोडी उड्या मारत मारत ध्रुवांवरच्या थंड खड्ड्यांत येऊन गोठली. दुसरं मत सौरवाऱ्याचं. सूर्याकडून सतत येणारे हायड्रोजनचे कण मातीतल्या ऑक्सिजनला चिकटतात आणि त्यातून थोडंथोडं पाणी तयार होतं. तिसरं मत चंद्राच्या जुन्या ज्वालामुखींचं. अपोलोच्या वीरांनी आणलेल्या ज्वालामुखीय काचमण्यांत २००८ साली पाण्याचे अंश सापडल्यावर या मताला बळ आलं. पाणी खूप जुनं असेल तर ज्वालामुखी आणि धूमकेतूंचा वाटा मोठा, नवं असेल तर सौरवाऱ्याचा. २०२३ साली नॉर्बर्ट शोरगोफर आणि रालुका रूफू यांनी दाखवलं की चंद्राचा आस पूर्वी जास्त कललेला होता, त्यामुळे आजची बहुतेक सावलीतली क्षेत्रं ३४० कोटी वर्षांहून तरुण आहेत. म्हणजे चंद्राच्या ऐन ज्वालामुखी-काळातलं पाणी साठवायला आजची कोठारं तेव्हा उघडलेलीच नव्हती. फार जाड थरांची आशा धरणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी होती.

आता पुराव्यांकडे येऊ. या विषयाचा खरा इतिहास म्हणजे कोणत्या उपकरणाला काय दिसलं आणि त्याला काय दिसू शकत नव्हतं, याचा इतिहास. १९६१ मध्ये वॉटसन, मरे आणि ब्राउन या तिघांनी कागदावर गणित मांडलं की ध्रुवांच्या सावलीत बर्फ टिकला पाहिजे. पुढे अपोलोचे दगड आले ते कोरडे ठणठणीत, आणि हा विचार मागे पडला. १९७९ मध्ये जेम्स अर्नोल्ड यांनी तो पुन्हा उचलला. मग १९९४ साली क्लेमेंटाइन यानाने आपला रेडिओ संदेश ध्रुवांवर सोडला आणि त्याचा प्रतिध्वनी पृथ्वीवरच्या अँटेनांनी पकडला. त्यात बर्फासारखी लकाकी आढळल्याचा दावा झाला. अरेसिबोच्या प्रचंड रडारवर काम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेल प्रभृतींनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. अशीच लकाकी उन्हातल्या खडबडीत, दगडांनी भरलेल्या उतारांवरही मिळते, आणि तिथे बर्फ असणं शक्य नाही. मग ध्रुवावरची लकाकी बर्फाची कशावरून? रडार मानणारे आणि न मानणारे अशी ही फाळणी आजही पूर्ण मिटलेली नाही.

१९९८ मध्ये लूनर प्रॉस्पेक्टर यानाने वेगळी वाट काढली. वैश्विक किरण चंद्राच्या मातीवर आदळले की न्यूट्रॉन उसळतात. मातीत हायड्रोजन असेल तर हे न्यूट्रॉन मंदावतात, कारण दोघांचं वस्तुमान जवळपास सारखं असतं आणि टकरीत वेग वाटून घेतला जातो. ध्रुवांवर मधल्या वेगाचे न्यूट्रॉन कमी भरले, म्हणजे हायड्रोजन जास्त आहे हे नक्की झालं. पण न्यूट्रॉन हायड्रोजन मोजतो, पाणी नव्हे. शिवाय काही दहा किलोमीटरांहून बारीक असलेलं काही त्याला वेगळं दिसत नाही, तेव्हा हायड्रोजन नेमका विवराच्या आत आहे की बाहेरही, हे ठरत नाही. मोहीम संपताना जुलै १९९९ मध्ये यान मुद्दाम शूमेकर विवरावर आदळवलं. वाफेचा लोट दिसेल अशी आशा होती. काहीही दिसलं नाही.

आणि मग चांद्रयान. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ निघालं. १४ नोव्हेंबरला त्याच्यातून सुटलेला तिरंगा रंगवलेला छोटा आघाती शोधक पंचवीसेक मिनिटं खाली उतरत शॅकल्टनच्या परिसरात आदळला. उतरताना त्याच्या उपकरणाने पाण्याच्या वजनाचे रेणू नोंदवले. याच यानावर अमेरिकेचं मून मिनरॉलॉजी मॅपर हे अवरक्त वर्णपटाचं उपकरणही होतं. सप्टेंबर २००९ मध्ये कार्ली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष जाहीर केले. चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी किंवा हायड्रॉक्सिलची खूण आहे आणि ती ध्रुवांकडे वाढत जाते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘चंद्रावर पाणी सापडलं’ अशा मथळ्यांची लाट आली. अभिमान योग्यच होता, फक्त एक गल्लत झाली. ती खूण उन्हातल्या मातीच्या अगदी वरच्या, केसभर थराची होती. कायमच्या सावलीतल्या बर्फाचा तो पुरावा नव्हता. तो पुरावा त्याच उपकरणाच्या माहितीतून नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये निघाला. शुआई ली यांच्या गटाने विवरांच्या उजळ कड्यांवरून तळावर परावर्तित होणारा मंद उजेड वापरला आणि त्यात बर्फाच्या वर्णपटाच्या खुणा शोधल्या. मिळाल्या, पण अतिथंड क्षेत्राच्या जेमतेम साडेतीन टक्के भागातच. यान २००९ च्या ऑगस्टमध्येच मुकं झालं होतं, त्याने साठवून पाठवलेली माहिती मात्र दशकभर बोलत राहिली. माझ्या मते चांद्रयान-१ ची सर्वांत मोठी कमाई हीच आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

आजवर सावलीतली माती प्रत्यक्ष उकरून पाहिलेली एकच घटना आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबावं. ९ ऑक्टोबर २००९, आपल्याकडे संध्याकाळचे पाच. एलक्रॉस मोहिमेने आपल्या रॉकेटचा रिकामा, सव्वादोन टनांहून जड वरचा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबिअस विवरात सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने आदळवला. जागा ऐनवेळी बदलली होती. आधी शेजारचं दुसरं विवर ठरलं होतं, पण नव्या न्यूट्रॉन नकाशात कॅबिअसमध्ये हायड्रोजन जास्त दिसला. मागून चार मिनिटांच्या अंतराने दुसरं यान येत होतं. उडालेल्या धुरळ्याच्या लोटाचा वर्णपट घ्यायचा, पृथ्वीकडे पाठवायचा आणि मग स्वतःही आदळायचं, एवढंच त्याचं काम. सोय अशी होती की लोट काही शे मीटर वर चढला की उन्हात येणार आणि मगच चमकणार. टीव्हीसमोर बसलेल्यांना मोठा स्फोट अपेक्षित होता. पडद्यावर काहीच घडलं नाही आणि मोहीम फसली अशी कुजबुज झाली. माहिती तपासल्यावर अँथनी कोलाप्रीट यांच्या गटाने सांगितलं की उपकरणाच्या नजरेच्या टप्प्यात १५५ किलो पाणी होतं, आणि मातीत त्याचं प्रमाण वजनाने सुमारे साडेपाच टक्के. या आकड्यापुढे उणे-अधिक तीन टक्क्यांची पुस्ती आहे, ती सहसा कोणी उद्धृत करत नाही. म्हणजे अडीच टक्केही असू शकेल, साडेआठही. पाण्यासोबत अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, सल्फर डायऑक्साइड निघाले. वरून पाहणाऱ्या ऑर्बिटरला पाराही दिसला. तेव्हा हे पाणी पिण्यालायक करण्याचं काम फक्त वितळवण्याचं नाही.

एका विवरातल्या एका खड्ड्यावरून सगळ्या चंद्राचं अनुमान काढू नये, हे उघड आहे. तरी काढलं जातं. चांद्रयान-१ वरच्याच मिनी-सार रडारच्या आधारे पॉल स्पुडिस यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसेक विवरांत मिळून साठ कोटी टन बर्फ असू शकेल असा अंदाज २०१० मध्ये मांडला. त्यात बर्फाचा थर काही मीटर जाड आहे हे गृहीत होतं. जाडी रडारने मोजलेली नव्हती. पुढे गृहीतक गळालं आणि आकडा उरला. शंका घेणाऱ्यांकडे एक जबरदस्त तुलना आहे. बुधाच्या ध्रुवांवर १९९१ मध्ये पृथ्वीवरच्या रडारला लख्ख प्रतिध्वनी मिळाले आणि २०१२ मध्ये मेसेंजर यानाने तिथे जाड, बऱ्यापैकी शुद्ध बर्फ असल्याला दुजोरा दिला. चंद्रावर तसे प्रतिध्वनी येत नाहीत. सूर्याच्या इतक्या जवळच्या बुधावर भरभरून बर्फ आणि चंद्रावर मातीत मिसळलेले कण, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आमच्या पट्ट्यातल्या माणसाला यातली मेख लवकर कळावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात बारवी धरणात किती टक्के साठा उरला याची बातमी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरात सगळे वाचतात. आणि धरण भरलेलं असतानाही नळाला पाणी का येत नाही, हे विचारायला पाण्याची टाकी, पंप, जलवाहिनी आणि वीज यांच्याकडेच जावं लागतं. चंद्रावरच्या तळाची चर्चा मात्र अजून धरणाच्या टक्केवारीवरच अडकलेली आहे.

तळासाठी पाणी किती लागेल ते करून पाहू. चार माणसं राहत असतील तर त्यांना श्वासासाठी रोज साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. तेवढा चार किलोहून कमी पाण्यातून विद्युत अपघटनाने निघेल. पिण्या-धुण्याचं पाणी अंतराळ स्थानकावर आज जवळजवळ सगळं गाळून परत वापरलं जातं, त्यामुळे तिथली भर थोडी. वर्षाला दीड टन पाणी पुरतं, आणि एवढं तर पृथ्वीवरून नेता येईल. म्हणून ‘प्यायला पाणी मिळेल’ हे बर्फाचं खरं महत्त्व नाही. महत्त्व इंधनात आहे. परतीच्या यानाला दहा टन इंधन हवं समजा, द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. इंजिनाला हे दोन्ही साधारण एकास सहा प्रमाणात लागतात, तर पाण्यातून ते एकास आठ निघतात. त्यामुळे हिशेब हायड्रोजनवर ठरतो. १.४ टन हायड्रोजनसाठी जवळपास १३ टन पाणी लागतं. जास्तीचा उरलेला पावणेतीन-तीन टन ऑक्सिजन आपल्या चौघांना दोन वर्षांहून अधिक पुरेल. पाच टक्के बर्फ धरला आणि एक थेंबही वाया गेला नाही असं मानलं तर त्यासाठी अडीचशे टनांहून जास्त माती खणावी लागेल. पाणी फोडायला लागणारी वीज सत्तर हजार युनिट. महिन्याला दोनशे युनिट जाळणारी तीस घरं वर्षभर वापरतील इतकी. बर्फाची वाफ करणं, वायू द्रवरूप करून साठवणं याची वीज वेगळी. बर्फ अडीच टक्केच निघाला तर मातीचा ढीग दुप्पट. एलक्रॉसच्या त्या पुस्तीला असा अर्थ आहे.

हे खणायचं कुठे, तर उणे दोनशे अंशांच्या अंधारात. तिथे बर्फाने सांधलेली माती काँक्रीटसारखी कठीण असू शकते. साधं पोलाद ठिसूळ होतं, वंगण गोठतं, बॅटरी मान टाकते. खणलेली माती उघड्यावर तापवली तर वाफ निर्वातात उडून जाते, म्हणून बंद भांडं हवं, आणि त्या भांड्याच्या झाकणाच्या फटीत चंद्राची काचेसारखी बोचरी धूळ बसते. उतरणाऱ्या यानांच्या धुरातही पाण्याची वाफ असते. ती थंड विवरांत जाऊन गोठली तर मूळचा बर्फ कोणता आणि आपण सांडलेला कोणता, हे पुढच्यांना ओळखता येणार नाही.

राहिली वीज. ध्रुवाजवळ उंच कड्यांच्या काही जागा वर्षातला बहुतांश काळ उन्हात असतात. शॅकल्टनच्या काठावरच्या काही माथ्यांना ऐंशी टक्क्यांहून जास्त काळ ऊन मिळतं. तिथे उभ्या खांबावर सौरपत्रे लावायचे, कारण सूर्य क्षितिजावर आहे. दोन-पाच किलोमीटर खाली अंधारात बर्फ आणि वर ऊन, हा शेजार चंद्रावर ध्रुवांशिवाय कुठे नाही. तळांच्या सगळ्या आराखड्यांचं बोट दक्षिण ध्रुवाकडे वळतं ते यासाठी. खालच्या यंत्राला वीज द्यायची तर केबल ओढा किंवा त्याच्याबरोबर साठवण पाठवा. साठवणीचा एक परिचित मार्ग फ्युएल सेल. हायड्रोजन आणि ऑक्सिजन भेटवायचे, वीज घ्यायची आणि उरलेलं पाणी पुन्हा वापरायचं. याच्याशी नातं असलेलं काम बदलापूरहून दोन स्टेशनंही दूर नाही. अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने पाणबुड्यांसाठी फॉस्फोरिक आम्लाचे फ्युएल सेल विकसित केले आणि मार्च २०२१ मध्ये त्यांच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. पाणबुडीचा प्रश्नही असाच असतो. बाहेरून हवा नाही, आत सगळं घेऊन जायचं आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसचे दिवस वर यायचं नाही. चंद्रासाठी वेगळ्या जातीचे सेल लागतील, पण हे तंत्र आपल्या रोजच्या वाटेवर आहे हे वाचकाला माहीत असावं.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. चांद्रयान-३ ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरलं असं आपण सरसकट म्हणतो. २३ ऑगस्ट २०२३ ला ते ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं, ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून दूर, भर उन्हात. तरीही त्याच्या चेस्ट या तापमापकाने मातीत दहा सेंटिमीटर घुसून केलेली मोजणी आपल्या विषयाला उपयोगी पडली. सूर्याकडे तोंड केलेला जेमतेम सहा अंशांचा उतार आणि जवळची सपाट जमीन यांच्या तापमानात वीसेक अंशांचा फरक निघाला. त्यावरून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये मांडलं की ध्रुवाकडे तोंड केलेल्या, चौदा अंशांहून तीव्र उतारांवर या अक्षांशांतही मातीच्या उथळ थराखाली बर्फ टिकू शकेल. असं असेल तर उणे दोनशेच्या अंधारात न उतरताही थोडा बर्फ हाती लागू शकतो. मला ही दिशा कॅबिअसपेक्षाही जास्त आशेची वाटते.

मार्च २०२५ मध्ये ध्रुवाजवळ भोक पाडायला गेलेलं अमेरिकी खासगी यान अथेना आडवं पडलं आणि त्याच्या छिद्रकाला जमिनीत घुसताच आलं नाही. पाण्याचा नकाशा करायला निघालेलं लूनर ट्रेलब्लेझर प्रक्षेपणानंतर लगेच संपर्काबाहेर गेलं. भारत आणि जपान यांची संयुक्त मोहीम, म्हणजे आपलं चांद्रयान-५, हिला त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिचं उतरणारं यान आपलं आणि फिरणारी गाडी जपानची. जमिनीत दीड मीटर खोल छिद्र पाडून नमुना जागीच तपासायचा असा बेत आहे. कित्येक दशकं दुरून चाललेला हा वाद अशा एका छिद्राने निम्मा मिटेल.

या पुस्तकातल्या लेखांची मांडणी त्याच गरजेतून झाली आहे. मोहिमांची गौरवगाथा सांगण्याऐवजी प्रत्येक उपकरणाला तेच चार प्रश्न विचारले आहेत. त्याने प्रत्यक्ष मोजलं काय, किती खोलवर, किती बारकाईने, आणि बर्फ नसतानाही तोच आकडा आला असता का? काही लेख तापमान आणि सावलीच्या गणितात शिरतात, काही खणण्याच्या यंत्रांत. कायद्याविषयीचं लिखाण मी मुद्दाम आखूड ठेवलं. १९६७ चा अंतराळ करार चंद्राच्या जमिनीवर कोणत्याही देशाची मालकी मानत नाही आणि भारताने जून २०२३ मध्ये सही केलेले आर्टेमिस करार तिथली संसाधनं वापरायला मुभा देतात. उन्हातले माथे मोजकेच असताना तिथे आधी पोचलेल्याच्या शेजारी दुसऱ्याने किती अंतरावर खांब रोवायचा, याचं उत्तर या दोन्हींत नाही.

गणित टाळलेलं नाही, पण दहावीच्या विज्ञानापलीकडचं काही गृहीतही धरलेलं नाही. आकडे जिथे दिले तिथे त्यांची पुस्तीही दिली आहे. वाचकाला एकच विनंती. यापुढे चंद्रावर अमुक कोटी टन पाणी असल्याची बातमी वाचाल तेव्हा थराची जाडी कोणी मोजली, हे त्या बातमीत शोधा. सापडलं नाही तर तो आकडा बाजूला ठेवा.